वाळूवरची होडी पुसताना: रंग आणि पोत वेगळे करून मोठी वस्तू काढण्याची पद्धत

छायाचित्रातला एखादा लहान डाग किंवा दूरवरची एक व्यक्ती पुसणे आता अवघड राहिलेले नाही. मात्र चौकटीचा मोठा भाग व्यापणारी वस्तू वाळूवर, गवतावर किंवा पाण्यावर असेल, तर सॉफ्टवेअरने एका झटक्यात भरलेली जागा बहुतेक वेळा लगेच ओळखू येते. कुठे उजळ ठिगळ दिसते, कुठे एकच शिंपला तीन ठिकाणी उमटतो, तर कुठे वाळूऐवजी गुळगुळीत प्लॅस्टिक पसरल्यासारखे वाटते. ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि ती वेगवेगळी करावी लागतात, हे समजायला मला बराच काळ लागला. रंग आणि उजेड हळूहळू बदलत जाणे हे एक काम, आणि कणांचा व लहरींचा पोत हे दुसरे. हे दोन्ही वेगळ्या थरांवर नेण्याच्या रीतीला फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. चित्रातल्याच जागांवरून पोताचे तुकडे उसने घेऊन पोकळी भरण्याच्या रीतीला पॅच सिंथेसिस म्हणतात. या लेखात मी दोन्ही रीती एकाच उदाहरणावर क्रमाने दाखवत आहे.

उदाहरण दापोलीजवळच्या कर्दे किनाऱ्यावरचे आहे. डिसेंबरातली संध्याकाळ, ओहोटी लागलेली, कॅमेरा थोड्या उंचीवरून पश्चिमेकडे रोखलेला. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला कलतो, त्यामुळे उजेड समोरून आणि डावीकडून येतो. चित्र ६००० × ४००० पिक्सेलचे आहे. मधोमध वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी आहे, आणि तिच्या सावलीसकट तिने सुमारे १५०० × ९०० पिक्सेल जागा अडवली आहे. वाळूवर आडव्या लहरी आहेत. खालची, म्हणजे आपल्या जवळची वाळू कोरडी आणि उजळ आहे, तर वरची, समुद्राकडची वाळू ओली आणि गडद आहे. होडी काढून टाकायची आहे.

लागणाऱ्या गोष्टी

- मूळ रॉ फाइल, किंवा तिच्यापासून १६ बिटमध्ये काढलेली टिफ फाइल. जेपेगवरही ही पद्धत चालते, पण उजेडाच्या मंद उतारावर पट्टे उमटण्याचा धोका वाढतो.
- फोटोशॉप. Content-Aware Fill ची स्वतंत्र खिडकी सीसी २०१९ पासून आहे आणि खालच्या पायऱ्या तीच गृहीत धरतात. गिंप वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा परिच्छेद आहे.
- शक्य असल्यास पेन टॅब्लेट. माउसनेही काम होते, फक्त वेळ जास्त लागतो.
- मूळ चित्राचा एक थर, जो कुलूप लावून सर्वांत खाली ठेवायचा आणि ज्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

१. आधी मोजमाप करावे

चित्र १०० टक्के आकारात पाहून दोन लहरींच्या माथ्यांमधले अंतर मोजावे. माझ्या चित्रात होडीच्या खालच्या कडेपाशी हे अंतर ४८ पिक्सेल होते, तर वरच्या कडेपाशी २४. वस्तू दूर गेली की लहान दिसते, हे वाळूच्या लहरींनाही लागू आहे. पुढे पोत कुठून उसना घ्यायचा, हे याच मोजमापावरून ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे उजेडाची दिशा. येथे प्रत्येक लहरीची समुद्राकडची बाजू उजळ आहे आणि आपल्याकडची बाजू सावलीत आहे. पोताचा तुकडा उलटा फिरवला, तर उंचवटे खळग्यांसारखे दिसू लागतात. चूक कुठे आहे हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण चित्र त्याला खटकते. तिसरी गोष्ट, होडीची सावली, तिला बांधलेला दोर आणि वाळूत तिने पाडलेला चर या सर्वांना होडीचाच भाग मानावे. वस्तू गेली आणि सावली उरली, असे माझ्या पाहण्यात पुष्कळदा आले आहे.

२. थर वेगळे करण्याआधी पोकळी कच्ची भरून घ्यावी

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनांत सांगितलेली नसते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या प्रयत्नात मी होडी जागेवर असतानाच थर वेगळे केले. ब्लर दिल्यावर होडीचा निळा रंग आजूबाजूच्या वाळूत पसरला, आणि पोताच्या थरावर तिच्याभोवती त्याच्या उलट छटेचे कडे तयार झाले. होडी पुसल्यावरही तिच्या आकाराची एक अंधुक कडा वाळूवर राहिली. ती घालवण्यात माझी सबंध संध्याकाळ गेली. ब्लरच्या त्रिज्येच्या दोन ते तीन पट अंतरापर्यंत हा संसर्ग पोहोचतो, म्हणजे त्रिज्या २४ असेल तर साधारण ७० पिक्सेलपर्यंतची चांगली वाळूही बिघडते.

म्हणून मूळ थराची एक प्रत करावी. होडी आणि सावलीभोवती लॅसोने सिलेक्शन करून ते १० ते १५ पिक्सेलने वाढवावे आणि Edit > Fill मधून Content-Aware पर्यायाने जागा भरून टाकावी. निकाल वाईट दिसेल. पट्टे, पुनरावृत्ती, विचित्र सांधे असे सगळे त्यात असेल, पण या टप्प्यावर त्याची चिंता करू नये. पोकळीत साधारण वाळूच्या रंगाचे काहीतरी आले आणि होडीची तीव्र कडा नाहीशी झाली, एवढेच येथे हवे आहे. सिलेक्शन मात्र Select > Save Selection ने जपून ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा लागते.

३. ब्लरची त्रिज्या ठरवून दोन थर करावेत

कच्च्या भरलेल्या थराच्या दोन प्रती कराव्यात. खालच्या प्रतीला ‘रंग’ आणि वरच्या प्रतीला ‘पोत’ असे नाव द्यावे. ‘रंग’ थराला Gaussian Blur द्यायचा आहे.

त्रिज्या किती घ्यावी, यावर नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. चेहऱ्याच्या रीटचिंगसाठी सांगितलेले ५ ते १० पिक्सेलचे आकडे येथे उपयोगाचे नाहीत, कारण ते त्वचेच्या छिद्रांसाठी असतात. येथे लहरी पूर्णपणे ‘पोत’ थरात गेल्या पाहिजेत. त्रिज्या लहरींमधल्या अंतराच्या निम्मी घेतली, तर ‘रंग’ थरात त्या लहरीचा शंभरावा भागही उरत नाही. चौथाई घेतली, तर जवळपास तीस टक्के उरतो, आणि मग लहर अर्धी एका थरावर व अर्धी दुसऱ्यावर राहते. अशा वेळी एका थरावर केलेली दुरुस्ती दुसऱ्या थरावरच्या लहरीशी भांडू लागते. माझ्या चित्रातले सर्वांत मोठे अंतर ४८ होते, म्हणून मी २४ पिक्सेल घेतले. ब्लर दिल्यावर ‘रंग’ थरावर एकही लहर ओळखू येत नाही ना, हे डोळ्यांनीही पाहून घ्यावे.

आता ‘पोत’ थर निवडून Image > Apply Image उघडावे. Layer मध्ये ‘रंग’ निवडावा. १६ बिटच्या फाइलसाठी बाकीची मूल्ये अशी आहेत:

```
Invert: ✓   Blending: Add
Scale: 2    Offset: 0
```

८ बिटच्या फाइलसाठी Invert ची खूण काढून Blending: Subtract, Scale: 2 आणि Offset: 128 ठेवावे. थर करड्या रंगाचा दिसू लागेल. त्याचा ब्लेंडिंग मोड Linear Light करावा. यामागचे गणित एवढेच आहे:

```
पोत = (मूळ − रंग) / 2 + 0.5
मूळ = रंग + 2 × पोत − 1
```

दोन्ही थर एकत्र पाहिल्यावर चित्र वेगळे करण्याआधीच्या चित्राशी तंतोतंत जुळले पाहिजे. दोन्ही थर एका गटात ठेवून गटाच्या डोळ्यावर क्लिक करत राहावे. चित्रात काहीही हलले किंवा उजळले, तर वरच्या मूल्यांपैकी एखादे चुकले आहे, आणि तसेच पुढे जाणे व्यर्थ आहे. बहुतेक वेळा ८ बिटची मूल्ये १६ बिटच्या फाइलला दिलेली असतात.

४. ‘रंग’ थर: आधी सीमारेषा, मग उतार

‘पोत’ थराचा डोळा बंद करून फक्त ‘रंग’ पाहावा. कच्च्या भरणीचे दोष आता डाग होऊन समोर येतात.

सर्वप्रथम ओल्या आणि कोरड्या वाळूमधली सीमा जोडावी. होडीच्या मागे ती सीमा दिसत नव्हती, पण डाव्या आणि उजव्या बाजूला ती कुठे येऊन थांबते हे दिसते. मोठा, मऊ कडेचा क्लोन स्टॅम्प घेऊन, Sample: Current Layer ठेवून, बाजूच्या सीमेचा भाग पोकळीत आणावा. ती रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ नसावी. पाण्याने सोडलेली रेषा नेहमी थोडी वळत जाते.

त्यानंतर कोरड्या भागात लॅसोला ४० पिक्सेलचा फेदर देऊन डागांभोवती सिलेक्शन करावे आणि ६० ते ८० पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा. ओल्या भागात हेच वेगळ्याने करावे. सिलेक्शन सीमेपासून पुरेसे दूर ठेवावे, कारण ब्लर सिलेक्शनच्या बाहेरचे रंगही आत ओढतो आणि गडद ओल सुक्या वाळूत झिरपल्यासारखी दिसते. काम जमले की नाही हे Info पॅनेलमधून तपासता येते. पोकळीच्या डावीकडे वाळूचे वाचन १७२, १५०, १२१ असे होते आणि उजवीकडे १६०, १३९, ११२. मधले वाचन या दोहोंच्या दरम्यान आले पाहिजे. पहिला, म्हणजे लाल रंगाचा आकडा १८० किंवा १५० आला, तर डोळ्यांना तेव्हा दिसले नाही तरी छपाईत ठिगळ उमटेल.

येथे एक सापळा आहे, ज्यात मी स्वतः अडकलो होतो. ‘रंग’ थर अगदी गुळगुळीत करण्याचा मोह होतो. पण खऱ्या वाळूत लहरींपेक्षा मोठे, शंभर-दोनशे पिक्सेल रुंदीचे मंद चढउतारही असतात आणि ते याच थरावर असतात. ते सगळे पुसले गेले, तर वर पोत कितीही चांगला बसवला तरी ती जागा इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते. म्हणून डाग घालवल्यानंतर ३०० पिक्सेलचा मऊ क्लोन स्टॅम्प घ्यावा, त्याची Opacity ३० टक्के ठेवावी, आणि बाजूच्या वाळूतले हे चढउतार हलकेच आत आणावेत.

५. ‘पोत’ थर: पट्ट्यापट्ट्याने भरणी

या पायरीवर वेगळे करण्याचा फायदा दिसतो. ‘पोत’ थरावर सर्वत्र सरासरी करडाच आहे. त्यामुळे उजळ वाळूतला तुकडा गडद जागी ठेवला तरी त्याचे ठिगळ दिसत नाही, आणि पोत उसना घ्यायला बरीच मोठी जागा उपलब्ध होते.

बंधन एकच आहे, ते अंतराचे. पोकळीच्या खालच्या कडेला ४८ पिक्सेलच्या लहरी हव्यात आणि वरच्या कडेला २४ च्या. ९०० पिक्सेल उंचीची पोकळी एकदम भरली, तर सॉफ्टवेअर खालच्या मोठ्या लहरी वर नेते आणि जमीन उभी राहिल्यासारखी भासते. म्हणून मी पोकळीचे तीन आडवे पट्टे केले, प्रत्येक सुमारे ३०० पिक्सेल उंचीचा. पट्ट्यांच्या कडा सरळ न ठेवता वाकड्यातिकड्या ठेवल्या आणि प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर ३० ते ४० पिक्सेल चढवला.

‘पोत’ थराची आधी एक प्रत काढून लपवून ठेवावी. मग पहिला पट्टा सिलेक्ट करून Edit > Content-Aware Fill उघडावे. Sampling Area मध्ये Custom निवडून फक्त त्याच उंचीवरची डावी व उजवी वाळू रंगवावी. पावलांचे ठसे, समुद्री गवत, दगड वगळावेत. Color Adaptation ला None द्यावे, कारण रंगाचे काम आधीच झाले आहे. Rotation Adaptation लाही None द्यावे, आणि Scale व Mirror यांच्या खुणा काढून टाकाव्यात. फिरवलेला तुकडा लहरींची दिशा मोडतो, लहानमोठा केलेला अंतराचा हिशेब बिघडवतो आणि आरशासारखा उलटलेला उजेडाची दिशा बदलतो. Output To मध्ये Current Layer ठेवावे. नवा थर घेतल्यास त्याला Linear Light नसल्याने करडा चौकोन दिसतो आणि नवशिक्या माणूस घाबरून जातो.

उसनवारीची जागा पोकळीपेक्षा लहान असू नये, शक्य तर दुप्पट असावी. कारण समजून घेतले की हे पटते. अशी भरणी चित्रातच सर्वांत जवळचे, जुळणारे तुकडे शोधते. तुकडे झपाट्याने शोधण्याची पॅचमॅच ही रीत २००९ साली मांडली गेली, आणि पुढच्याच वर्षी फोटोशॉप सीएस५ मध्ये Content-Aware पर्याय आला. शोधण्याची जागा लहान असली, तर सर्वांत चांगला तुकडा पुन्हा पुन्हा तोच सापडतो आणि पुनरावृत्ती होते.

६. सांधे आणि जुळी शोधणे

चित्र २५ टक्क्यांवर आणून आडवे उलटे करून पाहावे. ओळखीचे चित्र उलटले की डोळा पुन्हा ताजा होतो. वर Curves चा एक तात्पुरता, खूप ताठ थर ठेवल्यास उजेडातले सूक्ष्म फरकही उघड होतात. ‘रंग’ थरावर राहून गेलेले डाग येथे सापडतात, आणि एकाच आकाराच्या दोन लहरी किंवा दोन शिंपले असतील तर तेही दिसतात.

दुरुस्ती ‘पोत’ थरावर क्लोन स्टॅम्पने करावी. मात्र येथे ब्रशची कडा मऊ ठेवू नये. हा सर्वसाधारण सवयीच्या उलट नियम आहे. दोन असंबद्ध पोत निम्मे-निम्मे मिसळले, की त्यांचे चढउतार एकमेकांना खातात आणि उठाव मूळच्या साधारण ७० टक्क्यांवर येतो. मऊ ब्रशच्या प्रत्येक फटक्याच्या कडेला असा एक फिकट, अस्पष्ट पट्टा तयार होतो. ‘रंग’ थरावर मऊ आणि ‘पोत’ थरावर कणखर, असे लक्षात ठेवावे. Hardness ८० ते ९० टक्के आणि Opacity १०० टक्के मला योग्य वाटते.

डावीकडून आत येणारी लहर उजवीकडच्या लहरीला अचूक मिळालीच पाहिजे, असे नाही. खऱ्या लहरीही मध्येच दुभंगतात आणि दोन माथे एकत्र येऊन इंग्रजी वाय अक्षरासारखा सांधा होतो. तुटलेले टोक तसेच सोडू नये. क्लोनने ते शेजारच्या लहरीला वळवून जोडावे. माझ्या चित्रात असे चार सांधे जोडल्यावर भरणी ओळखू येईनाशी झाली.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, दोन्ही थर एकत्र झाल्यावर करावे. आधी केले, तर ब्लर आणि पोत यांचे प्रमाण बदलते.

गिंपमध्ये काम करणाऱ्यांसाठी

पायऱ्यांचा क्रम तोच आहे. खाली ब्लर न दिलेली प्रत ठेवून तिच्यावरच्या, ब्लर दिलेल्या ‘रंग’ थराला Grain extract मोड द्यावा, Layer > New from Visible ने नवा थर घ्यावा आणि त्याला Grain merge मोड द्यावा. तो नवा थर म्हणजे ‘पोत’. मग ‘रंग’ थराचा मोड पुन्हा Normal करावा. भरणीसाठी रिसिंथेसायझर हे प्लगिन बसवावे लागते, ज्याचा Heal Selection पर्याय Filters > Enhance मध्ये येतो. त्यात Sample from ला Sides निवडावे. अंतराचे बंधन पाळण्यासाठी हा पर्याय फारच सोयीचा आहे, कारण वरची आणि खालची वाळू तो आपोआप टाळतो. Context sampling width चा मूळ आकडा ५० असतो. मोठ्या पोकळीसाठी तो ३०० ते ५०० करावा.

गवत आणि पाणी

गवतावर त्रिज्या ठरवणे कठीण जाते, कारण पाती लांब असतात आणि झुबके त्याहून मोठे. मी झुबक्याची नव्हे, पात्याची रुंदी धरून १० ते १५ पिक्सेलची त्रिज्या घेतो आणि झुबके ‘रंग’ थरावर क्लोनने बसवतो. भरणीच्या कडेवर अर्धी कापलेली पाती दिसतात, म्हणून सिलेक्शनची कडा पात्यांच्या दिशेने, वरखाली दातेरी काढावी.

पाण्याच्या बाबतीत मी ही पद्धत फक्त बारीक, सारख्या लहरी असलेल्या तळ्याच्या किंवा खाडीच्या पृष्ठभागावर वापरतो. वस्तूचे प्रतिबिंब तिच्याबरोबरच काढावे लागते आणि ते अनेकदा वस्तूपेक्षा लांब असते. सूर्याची चमक जेथे पूर्ण पांढरी झालेली असते, तेथे मूळ माहितीच उरलेली नसते, त्यामुळे तो भाग उसनवारीतून वगळावा. फुटणाऱ्या लाटेला ठरावीक अंतर नसते आणि प्रत्येक लाटेचा आकार वेगळा असतो. तेथे थर वेगळे करण्यात वेळ घालवू नये. त्याच जागेवरून काही सेकंदांच्या अंतराने घेतलेले दुसरे छायाचित्र असेल, तर त्यातली लाट आणून मास्कने बसवणे अधिक बरे. किनाऱ्यावर कॅमेरा तिवईवर असेल, तर मी आता होडी दिसली की तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी वाळूही एका जास्तीच्या चित्रात टिपून ठेवतो.